सकाळी ८, ड्यूटी बदल, पुरुष सर्जिकल वॉर्ड, बेड १२

"सिस्टर, बेड १२. बँड बघून घे. ६२ वर्षांचे काका, फुटलेल्या अपेंडिक्सचं ऑपरेशन, आज दुसरा दिवस. पेनिसिलिनची ॲलर्जी. एनबीएम आहेत, चहा मागतील, देऊ नकोस. ७ ला बीपी १०४/६६, पल्स १०८, ताप १००.८. लघवी कमी, ५ पासून तासाला २० एमएलच. डॉक्टरांना ७:१० ला कळवलं, आरएल सलाइन ५०० एमएल चालू केलंय. ९ ला मोजून त्यांना फोन कर. मेट्रोचा डोस ६ ला दिला, पुढचा २ ला."

"पेनिसिलिन नाही, एनबीएम, पल्स १०८, लघवी तासाला ३०..."

"२०."

"२०. आरएल चालू, ९ ला फोन, मेट्रो २ ला. ड्रेन?"

"रात्रभरात ५०, लालसर. बाटली बघ."

"बघितली, ५०च. पोटॅशियम?"

"पाठवलंय, रिपोर्ट यायचाय."

"मी मागवते. चला, बेड १३."