प्रॉम्प्ट: येळवस, आंबील आणि वाटीवरचा हात

आयुर्विमा जाहिरातीसाठी छायाचित्रासारखं एक चित्र. उभी चौकट, 4:5. जागा लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं काळ्या मातीचं शेत. दिवस वेळ अमावास्येचा, म्हणजे शेतात पूजा आणि जेवण करायच्या येळवशीच्या सणाचा. डिसेंबर अखेर, दुपारचे साडेतीन, ऊन तिरपं आणि मऊ. मागे छातीएवढी हिरवी रब्बी ज्वारी, तिच्या कडेला कडब्याची कोप, कोपीच्या तोंडाशी चुन्यानं रंगवलेले पाच दगड: पांडव. त्यांची पूजा उरकलेली आहे, हळदीकुंकू थोडं विस्कटलेलं आहे. पूजेचं चित्र नकोच, जेवण अर्ध्यावर आलेलं आहे.

चित्राचा जीव एका कृतीत आहे. सत्तरीची आजी वाकून पितळी तांब्यातून आंबील वाढते आहे. समोर मांडी घालून बसलेल्या, चाळिशीतल्या मुलानं 'पुरे' म्हणून वाटीवर पंजा आडवा धरलाय. आजीनं ते पाहिलंय आणि तरीही ओतलंय. पांढरी आंबील त्याच्या बोटांवरून ओघळून वाटीत जातेय. तो हसतोय, पण तोंडात घास आहे, त्यामुळे गाल एका बाजूला फुगलाय. आजी हसत नाही. तिचं सगळं लक्ष तांब्याच्या धारेवर आहे. हा फरक सांभाळावा. दोघंही हसली की चित्र टूथपेस्टचं होतं.

आजीच्या अंगावर रोजच्या वापरातली, धुऊन मऊ पडलेली इरकली नऊवारी, डोक्यावरचा पदर वाकल्यामुळे घसरत आलेला. हातांच्या शिरा दिसू द्याव्यात, सुरकुत्या पुसू नयेत. मुलगा शहरात नोकरी करणारा: बाह्या दुमडलेला चौकड्यांचा शर्ट, जीन्स, पायताण बाजूला काढलेलं. त्याची बायको शेजारी, साध्या सुती सहावारीत. मिश्र भाज्यांच्या भज्जीत बाजरीचा उंडा कुस्करता कुस्करता ती सासूकडे बघून मान हलवतेय, जणू म्हणतेय, 'मी सांगितलं होतं ना!' आजोबा थोडे मागे, कोपीला टेकून. धोतर, पांढरी टोपी किंचित तिरकी. त्यांचं जेवण झालंय, पाच वर्षांचा नातू त्यांच्या मांडीवर झोपी गेलाय आणि त्याच्या ओठाला खीर चिकटलेली आहे. आजोबा एका हातानं त्याच्या तोंडावर येणारं ऊन अडवतायत. बारा-तेरा वर्षांची नात, कुर्ता आणि स्वेटर, आंबील बापाच्या बोटांवर सांडताना बघून खळखळून हसतेय. तिचा एक दात वाकडा आहे, तो तसाच असू द्यावा.

कोणीही कॅमेऱ्याकडे बघत नाही. सगळ्यांची तोंडं एका दिशेला नाहीत, उंची ओळीनं उतरत नाही. सगळे सतरंजीवर मावलेलेही नाहीत. सुनेचा एक पाय मातीत आहे. स्टीलची ताटं, वेगवेगळ्या आकारांची. एका ताटात हिरवट पिवळी, दाट भज्जी, वर तेलाचा हलका तवंग. एक मिरची अर्धी चावलेली.

कॅमेरा जेवणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, 35 मिमी लेन्स, जणू त्याच पंगतीतल्या कुण्या भाच्यानं घास गिळून पटकन काढलेला फोटो. तांब्या आणि बोटं स्पष्ट, ज्वारी थोडी धूसर. रंग खरे: काळी माती काळीच, आभाळ फिकट निळं. सगळ्यावर केशरी झाक चढवू नये, कातडी गुळगुळीत करू नये. प्रत्येक हाताला पाच बोटं. वाटीवरचा पंजा खास तपासावा, कारण सगळी नजर तिथेच जाणार.

टाळायचं ते सांगून ठेवतो, कारण 'खेड्यातलं कुटुंब' म्हटलं की घागरे, रंगीत पगड्या आणि सजवलेली बैलजोडी आपोआप उगवते. यातलं काही नको. बांधावर मोटारसायकल उभी, हँडलला जेवणाच्या डब्याची रिकामी पिशवी. मागे दूर ट्रॅक्टरची ट्रॉली चालेल. छत्री धरलेले हात नकोत, हातात कागद किंवा पासबुक नको, बिल्ला लावलेला प्रतिनिधी तर अजिबात नको. नवीन कोरे कपडे नकोत.

चित्रात कुठलीही अक्षरं नकोत, देवनागरी हमखास मोडून येते. वरचा तिसरा भाग मोकळं आभाळ ठेवावा, मजकूर तिथे आम्ही नंतर बसवू. ओळ ठरली आहे: 'नको म्हटलं, तरी वाढणारं कुणीतरी असावं.' खाली छोट्या अक्षरांत नेहमीची सूचना येईल, विक्री पूर्ण होण्याआधी माहितीपत्रक काळजीपूर्वक वाचण्याची. तिच्यासाठी तळाशी मातीची एक साधी, रिकामी पट्टी सोडावी.

चार नमुने काढावेत. चौथ्यात आजीच्या जागी सून वाढतेय आणि वाटीवर हात आजोबांचा, बाकी सगळं तेच.