लिंबाचा लोफ केक : फोटोतील पानाचे मराठी रूपांतर

आदरणीय काकू,

आपण पाठवलेले पान अमेरिकन पुस्तकातले असल्यामुळे त्यातील मापे कपात, औंसांत आणि फॅरनहाइटमध्ये आहेत. आपल्याकडे वजनकाटा असल्याने चमच्याने मोजायचे सोडून बाकीचे कोरडे जिन्नस ग्रॅममध्ये दिले आहेत. मैदा कपाने मोजला, तर दाबून भरला की हलक्या हाताने भरला यावर सहज तीस-चाळीस ग्रॅमचा फरक पडतो.

साहित्य : मैदा दीड कप, म्हणजे 180 ग्रॅम, साखर 1 कप, 200 ग्रॅम, बिनमिठाचे लोणी 4 औंस, 113 ग्रॅम, मोठी अंडी 2, बेकिंग पावडर 1 छोटा चमचा (5 मिली), मीठ अर्धा छोटा चमचा, 2 लिंबांच्या सालीचा कीस. सोड्याचा आकडा पानाच्या घडीत अर्धवट दिसतो, परंतु तो पाव छोटा चमचाच असला पाहिजे, कारण एवढ्या मैद्याला पाऊण चमचा सोडा घातल्यास केकला साबणासारखी चव येईल. सॉवर क्रीम 4 औंस, 113 ग्रॅम आहे. त्याऐवजी श्रीखंडाला टांगतो तसे दही टांगावे, मात्र अर्ध्या तासातच उतरवावे. पुस्तकातील लिंबे मोठी व जाड सालीची असतात, त्यामुळे आपली कागदी लिंबे चार घ्यावीत आणि सालीचा पांढरा भाग किसणीत येऊ देऊ नये, तो कडू लागतो. घरात मिठाचे लोणी असेल तर वरचे मीठ वगळावे.

पाकासाठी लिंबाचा रस 2 फ्लुइड औंस, म्हणजे 60 मिली, आणि साखर 2 औंस, म्हणजे 57 ग्रॅम. येथे रसाचे औंस हे आकारमानाचे आहेत, वजनाचे नव्हेत.

कृती : ओव्हन 350 अंश फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या ओटीजीवर 175 अंश सेल्सिअसवर, वरची-खालची दोन्ही कॉइल लावून तापवावा, पंखा सुरू असेल तर 160 पुरेसे. साडेआठ बाय साडेचार इंचाच्या (साधारण 22 बाय 11 सेंमी) टिनला बटर पेपर लावावा.

लोणी खोलीच्या तापमानाला आणावे असे पुस्तक सांगते, पण ते तापमान सुमारे 20 अंशांचे आहे. बडोद्याच्या मे महिन्यात लोणी ओट्यावर ठेवले तर ते वितळून जाईल आणि फेटताना त्यात हवा धरली जाणार नाही. बोट दाबले असता खळगा पडावा, पण लोणी चमकू नये, इतपतच ते मऊ झालेले हवे. फ्रिजमधून काढल्यावर दहा मिनिटांनी तपासावे. त्यात साखर व सालीचा कीस घालून पांढरट, हलके होईपर्यंत फेटावे. अंडी एकेक करून घालावीत. चाळलेले कोरडे मिश्रण व दही आलटून पालटून मिसळावे आणि मैदा दिसेनासा होताच थांबावे.

मधल्या खाच्यात 50 ते 55 मिनिटे भाजावे. लहान ओटीजीत वरची कॉइल जवळ असते, म्हणून तिसाव्या मिनिटाला वर फॉइल सैलसर टाकावी. सळई कोरडी निघाली की बाहेर काढून, रसात साखर विरघळवून केलेला पाक गरम केकवर चमच्याने ओतावा. दहा मिनिटांनी टिनमधून काढून पूर्ण गार झाल्यावरच कापावा. पुस्तकात तीन दिवस बाहेर ठेवावा असे लिहिले आहे. या उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसापासून तो फ्रिजमध्ये ठेवावा.