दिवाळी बोनस 2024 : 12 टक्के

शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर
मंगळवार, 15 ऑक्टोबर 2024

सर्व कामगार बंधू-भगिनी आणि स्टाफ यांस,

यंदाचा बोनस 12 टक्के ठरला आहे. गेल्या दिवाळीला तो 20 टक्के होता. खंडेनवमीला भट्टीची पूजा करताना यंदाही वीसच होणार, अशी चर्चा कानावर येत होती. त्या भरवशावर कुणी आणखी खरेदी ठरवण्याआधी खरा आकडा तुमच्यापर्यंत पोचावा, म्हणून आजच हे पत्र बोर्डावर लावतो आहे.

फरक किती पडतो ते उदाहरणाने सांगतो. आपल्याकडे बोनस प्रत्यक्ष मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर काढतात. ती पद्धत बदललेली नाही. ज्यांचे हे दोन्ही मिळून महिन्याला 16,000 रुपये होतात आणि वर्षभर हजेरी पूर्ण आहे, त्यांचा बोनस 20 टक्क्यांनी 38,400 झाला असता. यंदा तो 23,040 होईल. म्हणजे 15,360 रुपये कमी. एवढ्या रकमेत घरातलं बरंच काही बसतं याची मला जाणीव आहे, म्हणून ‘थोडीशी घट’ असं मी म्हणणार नाही.

तुमच्या मनातला पहिला प्रश्न मला माहीत आहे. ऑगस्टपासून तिसरी पाळी सुरू झाली, फेटलिंगला रविवारीसुद्धा ओटी चालू आहे, मग बोनस कमी कसा? बोनस आजच्या कामावर निघत नाही. तो 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2024 या हिशेबी वर्षावर निघतो. ते वर्ष कसं गेलं हे तुम्हीच शॉपवर पाहिलंय. 2023 च्या ऑगस्टमध्ये पावसाने पाठ फिरवली, ऑक्टोबरअखेर राज्यातल्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला आणि ट्रॅक्टरची मागणी घसरली. देशातली ट्रॅक्टर विक्री त्याआधीच्या वर्षी साडेनऊ लाखांच्या घरात, विक्रमी झाली होती. 2023-24 मध्ये ती पावणेनऊ लाखांच्याही खाली आली. आपलं निम्म्याहून जास्त कास्टिंग ट्रॅक्टरलाच जातं, त्यामुळे हा फटका थेट आपल्या मोल्डिंग लाइनला बसला.

2022-23 मध्ये आपण 9,400 टन माल पाठवला होता. 2023-24 मध्ये 7,650 टन. त्यातले 4,150 टन पहिल्या सहामाहीत गेले आणि दुसऱ्या सहामाहीत फक्त 3,500. तिसरी पाळी बंद ठेवावी लागली ती याच काळात. भट्टी कमी चालली म्हणून खर्च त्या प्रमाणात कमी झाला नाही. एप्रिल 2023 पासून वीजदर वाढले होते आणि नव्या मोल्डिंग मशीनचा बँकेचा हप्ता टन कमी झाले तरी तेवढाच जात राहिला. ते मशीन घेतलं नसतं तर आज आलेल्या ऑर्डर आपल्याला घेताच आल्या नसत्या, असं माझं मत आहे. पण त्या हप्त्याचा भार गेल्या वर्षाच्या नफ्यावर पडला, हेही तितकंच खरं.

आता 12 हा आकडा कुठून आला ते. बोनस कायद्याने किमान 8.33 आणि कमाल 20 टक्के अशी मर्यादा आहे. फक्त 2023-24 चा ताळेबंद धरला तर वाटपयोग्य शिल्लक साडेआठ टक्क्यांच्या आसपासच येते. 2022-23 मध्ये वीस टक्के वाटूनही काही शिल्लक उरली होती आणि कायद्याप्रमाणे ती पुढे ओढली होती. ती सगळी यंदा वापरली, म्हणून 12 झाले. पुढच्या दिवाळीला मागची अशी शिल्लक हाताशी नसेल, हे आजच सांगून ठेवतो.

युनियनच्या कमिटीबरोबर या महिन्यात बैठका झाल्या. त्यांची मागणी 16 टक्क्यांची होती. लेखापरीक्षित ताळेबंद आणि बोनसचा हिशेब त्यांना दाखवला आहे, तरी 12 ला त्यांची संमती नाही. एकमत झालं असं भासवून हे पत्र काढणं योग्य झालं नसतं. बोनस रजिस्टरवरची सही ही फक्त रक्कम मिळाल्याची सही आहे. ती केल्याने कुणाचा आक्षेप घेण्याचा हक्क जात नाही आणि आक्षेप घेतला म्हणून कुणाचं काही अडणार नाही.

ज्यांचे मूळ पगार आणि भत्ता मिळून 21,000 च्या वर जातात त्यांना कायद्याने बोनस लागू नाही. त्यांना आपण सानुग्रह रक्कम देतो. गेल्या वर्षी ती एका महिन्याच्या मूळ पगाराइतकी होती, यंदा अर्ध्या महिन्याची आहे. विभागप्रमुख आणि त्यावरच्या पदांना यंदा काहीही नाही. संचालकांनी 2023-24 चं कमिशन घेतलेलं नाही, त्यात मीही आलो. हे कौतुकासाठी लिहीत नाही, कँटीनमध्ये हा प्रश्न निघणारच होता.

त्या वर्षात किमान 30 दिवस काम केलेल्या प्रत्येकाला हजेरीच्या प्रमाणात बोनस मिळेल. मधल्या काळात नोकरी सोडून गेलेल्यांनाही. तुमच्या ओळखीत असे कुणी असतील तर त्यांना टाइम ऑफिसला बँक खात्याची माहिती द्यायला सांगा. ठेकेदाराकडच्या कामगारांचा बोनस ठेकेदाराने द्यायचा असतो. तो 8.33 टक्क्यांपेक्षा कमी नसावा आणि आपल्याच तारखेला जमा व्हावा, असं ठेकेदारांना लेखी कळवलं आहे. जमा झाल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय त्यांचं ऑक्टोबरचं बिल निघणार नाही.

रक्कम शुक्रवार, 25 ऑक्टोबरला, म्हणजे वसुबारसेच्या तीन दिवस आधी खात्यात जमा होईल. बोनसमधून पीएफ किंवा ईएसआय कापलं जात नाही. मिठाईचा बॉक्स आणि तेलाचा डबा नेहमीप्रमाणे आहे, त्यात काटछाट नाही.

ज्यांची ओढाताण होणार आहे त्यांच्यासाठी 10,000 रुपयांपर्यंत बिनव्याजी उचल ठेवली आहे. तिची वसुली जानेवारीपासून दरमहा जास्तीत जास्त 2,000 रुपयांनी होईल. अर्ज टाइम ऑफिसमध्ये मिळेल, त्यावर कारण लिहायची गरज नाही. सोमवार, 21 ऑक्टोबरपर्यंत दिलेल्या अर्जांची रक्कम बोनसबरोबरच मिळेल. उचल म्हणजे बोनस नव्हे, ती फेडावीच लागते. तेव्हा लागेल तेवढीच घ्या.

पुढच्या वर्षाबद्दल आज कसलंही आश्वासन देत नाही. यंदा पाऊस चांगला झाला, ऑर्डर वाढताहेत. तरी एप्रिल ते सप्टेंबरमध्ये आपण 4,000 टनच पाठवले, गेल्या वर्षी याच काळात पाठवले त्याहून कमी. खरी वाढ ऑगस्टनंतरची आहे. ती मार्चपर्यंत टिकते का, ते पाहावं लागेल. मात्र जानेवारीपासून दर तिमाहीला पाठवलेला माल आणि त्यावरून तेव्हा दिसणारा बोनसचा अंदाज याच बोर्डावर लागेल. पुढच्या वर्षीचा आकडा कमी असो वा जास्त, तो तुम्हाला ऑक्टोबरच्या खूप आधी दिसायला लागेल.

उद्या, बुधवारी, सकाळी 7, दुपारी 3 आणि रात्री 11 वाजता, तिन्ही पाळ्या बदलताना मी कँटीनमध्ये असेन. हिशेबाचे कागद बरोबर असतील. राग असेल तर तोही तिथे बोलून दाखवा, सुपरवायझरवर काढू नका. हा आकडा त्यांनी ठरवलेला नाही. हजेरीचे दिवस चुकलेत असं वाटत असेल तर शनिवारपर्यंत टाइम ऑफिसला सांगा, म्हणजे यादी बँकेत जाण्याआधी दुरुस्ती होईल.

आपला,
व्यवस्थापकीय संचालक

प्रत : युनियन कमिटी, टाइम ऑफिस, सर्व विभागांचे सूचना फलक