दिवाळी फराळ मोहीम: पहिल्या मसुद्यावरच्या चॅटचे एजन्सीसाठी टिपण

मॅडम,

काल रात्री ग्रुपवर टाकलेल्या तुमच्या प्रतिक्रिया खाली आहेत तशा डकवल्या आहेत, आणि त्यांखाली एजन्सीला जाणारी मेल. तुमचा होकार आला की आज दुपारी 3 पर्यंत पाठवते.

> हे काय आहे? वर्तमानपत्राची जाहिरात की लग्नपत्रिका?
> माल कुठेय? मला नुसत्या पणत्याच दिसतायत
> ही चकली नाहीच. मुरुक्कू आहे. सांगलीतली कुठलीही बाई लांबून ओळखेल
> अक्षरं तुटलीत, वाचवत नाही
> "आनंदाची चव अनुभवा" 🙄 असं कोण बोलतं
> होर्डिंगवर निबंध लिहिलाय
> लोगो मोठा करा!!
> इन्स्टा फिक्कं. जरा पॉप करा. रंगही आपले नाहीत
> एवढे पैसे घेतात आणि हे?
> दुसऱ्या ऑप्शनमधला कंदील मात्र छान

शेवटून दुसरी ओळ मेलमध्ये घेतलेली नाही. दराबद्दल बोलायचं असेल तर तुम्हीच त्यांच्या अकाउंट हेडला फोन केलेला बरा. डिझायनरच्या हातात ती ओळ पडली तर तो पुढच्या खेपेला जपून, म्हणजे मिळमिळीत काम करेल.

दोन ठिकाणी मी अंदाज बांधला आहे, तेवढा तपासा. "लोगो मोठा करा" हे मी फक्त होर्डिंगपुरतं धरलं. वर्तमानपत्रात लोगो पुरेसा आहे, तिथे तो दिसत नाही तो मागच्या नक्षीमुळे. आणि "पॉप" म्हणजे भडक रंग नव्हे, तर मजकूर आणि पार्श्वभूमीत फरक हवा, असा अर्थ घेतला. चूक असेल तर आताच सांगा. यातून दोन अर्थ निघाले, तर करारातल्या दोन फेऱ्यांपैकी एक फुकट जाईल.

---

विषय: दिवाळी फराळ, मसुदा 1 वर एकत्रित सुधारणा (फेरी 1)

नमस्कार,

मसुदे वेळेत मिळाले, आभार. आमच्या बाजूच्या सगळ्यांच्या सूचना याच मेलमध्ये आहेत. ग्रुपवर किंवा फोनवर कोणी वेगळं काही सांगितलं, तर ते या मेलच्या उत्तरात लिहून आल्याशिवाय धरू नका.

आधी काय ठेवायचं ते. पर्याय 2 मधला कागदी आकाशकंदील सगळ्यांना आवडला. तोच तिन्ही माध्यमांत ओळखीची खूण म्हणून वापरा आणि पर्याय 1 इथेच थांबवा. इन्स्टाग्रामच्या स्लाइडचा क्रमही (ताट, मग एकेक पदार्थ, शेवटी कुठे मिळेल) बरोबर आहे, त्याला हात लावू नका.

सगळ्या मसुद्यांना लागू होणारी गोष्ट एकच: आधी फराळ दिसावा, मग दिवाळी. आमची गिऱ्हाईक नोकरी करणारी, चार दिवस आधी वाणसामानाच्या दुकानात उभी असलेली बाई आहे. पणत्या आणि रांगोळी तिला त्या आठवड्यात प्रत्येक जाहिरातीत दिसणार आहेत. पाकीट मात्र फक्त आपल्याच जाहिरातीत दिसेल.

1. वर्तमानपत्र, पाव पान (16 × 25 सेंमी)

सध्या वरचा अर्धा भाग पणत्या, रांगोळी आणि सोनेरी वेलबुट्टीने व्यापला आहे. पाकिटं तळाशी जेमतेम 3 सेंमी उंचीची आहेत, त्यामुळे पदार्थाचं नाव वाचता येत नाही. ताट आणि पाकिटं मिळून निम्मी जागा घेऊ द्या आणि पुढचं पाकीट किमान 7 सेंमी उंच ठेवा. पणत्या दोन पुरेत, त्याही ताटाच्या मागे.

सोनेरी वेलबुट्टी पूर्ण काढा. पडद्यावर चमकणारी ती छटा न्यूजप्रिंटवर मातकट पिवळी उतरते, शिवाय लोगो तिच्यातच हरवतो आहे.

पार्श्वभूमीच्या गडद मरून रंगात चारही शाया मिळून 310 टक्के भरतात. न्यूजप्रिंटसाठी एकूण शाई 240 टक्क्यांच्या आत आणा, नाहीतर कागद ओला राहून समोरच्या पानावर डाग उठतो. त्याच मरूनवर पांढऱ्या अक्षरांत 5.5 पॉइंटचा अटींचा मजकूर आहे. चार प्लेट केसभर जरी सरकल्या, तरी एवढी बारीक पांढरी अक्षरं शाईने बुजतात. तो मजकूर खाली पांढऱ्या पट्टीवर घ्या, 8 पॉइंट, फक्त काळ्या प्लेटवर (`C0 M0 Y0 K100`). गडद रंगावर पांढरं अक्षर ठेवायचंच असेल तर 12 पॉइंटच्या वर आणि ठळक.

2. फोटो

ताटातला पदार्थ भाजणीची चकली नाही, तांदळाच्या पिठाचा मुरुक्कू आहे: रंग पांढुरका, वेढे सैल आणि काटे जवळजवळ नाहीत. आपली चकली तपकिरी, घट्ट तीन वेढ्यांची आणि प्रत्येक कडेला काटा उठलेली. मराठी गिऱ्हाईक जाहिरात पारखायला सुरुवात इथूनच करतं. फोटोत परका पदार्थ दिसला की "हे बाहेरचं" असं ठरतं आणि पुढचं कोणी वाचत नाही. करंजीचंही तसंच. कातणीने कापलेली नागमोडी कड हवी, फोटोत हाताने मुरड घातलेली आहे. मुरड चांगलीच दिसते, पण आमच्या पाकिटात ती नसते.

ताटातली काजूकतली आणि गुलाबजाम काढा. आम्ही ते विकत नाही, आणि दाखवलेला पदार्थ डब्यात मिळाला नाही की तक्रार दुकानदाराकडे जाते. ताटात राहतील: चकली, करंजी, शंकरपाळे, चिवडा, बेसन लाडू.

स्टॉक फोटोंवर आणखी शोधाशोध करू नका. सोमवारी, 5 ऑक्टोबरला, आम्ही 12 मूळ फोटो पाठवू: पितळी ताट, प्रकाश डावीकडून. तुमच्या मांडणीत कंदिलाचा उजेड उजवीकडून येतो, म्हणून कंदील डाव्या कोपऱ्यात न्या. फोटो उलटा करू नका, पाकिटावरची अक्षरं उलटी होतील.

3. अक्षरं

वाचण्याची अडचण फॉन्टच्या निवडीची नाही, मांडणीची आहे. शीर्षकाला अक्षरांतलं अंतर (ट्रॅकिंग) 40 दिलं आहे. रोमन लिपीत ते शोभतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे वाटतात. सगळीकडे 0 करा.

होर्डिंगच्या फोटोशॉप फाइलमध्ये "दिवाळी"ची पहिली वेलांटी द च्या पुढे जाऊन पडली आहे आणि "फराळाच्या" मधलं च्या जोडाक्षर न होता च् या असं सुटं, पाय मोडलेलं दिसतं. टाइपच्या सेटिंगमध्ये `World-Ready Layout` निवडून मजकूर पुन्हा टाका. वेलांटी हाताने सरकवून जागेवर बसवू नका, आकार बदलला की ती पुन्हा हलते.

48 पॉइंटच्या शीर्षकात ओळींमधलं अंतर 50 आहे, म्हणून "कुरकुरीत"चे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळतात. किमान 64 ठेवा. ल आणि श मराठी वळणाचे हवेत, आता हिंदी वळणाचे आहेत. उपशीर्षकासाठी `Tiro Devanagari Marathi` चालेल, त्यात मराठी वळण मुळातच आहे. मात्र त्यात ठळक वजन नाही, म्हणून मुख्य ओळीसाठी तुमचा सध्याचा फॉन्ट ठेवा आणि मजकुराची भाषा मराठी लावून ही दोन अक्षरं बदलतात का ते बघा. नाही बदलली तर फॉन्ट बदला.

4. मुख्य ओळ

"या दिवाळीत आनंदाची चव अनुभवा" ही ओळ चुकीची नाही, पण ती भाषांतर वाटते. शिवाय मिठाईपासून मोबाइलपर्यंत कशालाही चालेल. तुमच्या कॉपी टीमकडून तीन नव्या ओळी हव्यात. त्यात फराळातला निदान एक पदार्थ नावाने यावा, सहा शब्दांच्या आत बसावं, आणि ओळ स्वयंपाकघरात मोठ्याने म्हटली तर कोणी हसू नये. दिशा कळावी म्हणून: "चकली खुसखुशीत, दिवाळी निवांत." हीच घ्या असं नाही, याहून चांगली आली तर आनंदच आहे. "घरच्यापेक्षा भारी" अशा धर्तीची ओळ मात्र नको. आईच्या किंवा सासूबाईंच्या हाताशी स्पर्धा लावून फराळ विकला जात नाही.

5. होर्डिंग (20 × 10 फूट)

आता 23 शब्द, फोन नंबर आणि क्यूआर कोड आहेत. ठेवा: मुख्य ओळ, एक पाकीट, लोगो, "सर्व किराणा दुकानांत". क्यूआर आणि नंबर काढा, चालत्या गाडीतून दोन्ही निरुपयोगी. जागा वळणाच्या अलीकडे आहे, साधारण 150 फुटांवरून वाचली जाईल. 10 फुटांमागे 1 इंच हा ठोकताळा धरला तर मुख्य ओळीचं अक्षर किमान 15 इंच उंच हवं. मसुद्यात ते मोजून 7 इंच भरतं.

लोगो 4 फूट रुंद करा आणि कंदिलाच्या झिरमिळ्यांवरून हलवून सपाट रंगावर ठेवा. चहूबाजूंनी अर्धा फूट जागा मोकळी सोडा.

6. इन्स्टाग्राम

फिकेपणाचं कारण मोजता येतं: `#FFF6E0` पार्श्वभूमीवर `#E9D9B0` अक्षरं म्हणजे 1.3:1 इतकाच फरक. लहान मजकुराला 4.5:1 तरी हवा. अक्षरांना आमचा मरून `#7A1E2C` वापरा, त्याच पार्श्वभूमीवर साधारण 9.5:1 मिळतो. दुसरा रंग हळदी `#F2B01E`, तो फक्त पट्ट्या आणि बटणांना. मसुद्यातला राणी रंग सगळीकडून काढा.

पोस्ट 1080 × 1350 ठीक. प्रोफाइलच्या चौकटीत दोन्ही कडा थोड्या कापल्या जातात, मजकूर 80 पिक्सेल आत ठेवा. स्टोरीत वरचे 250 आणि खालचे 340 पिक्सेल मोकळे सोडा.

7. आमच्याकडून बदललेलं

कॉम्बोमधली चकली 200 ऐवजी 250 ग्रॅमची झाली आहे, हा बदल मसुद्यानंतर ठरला. नवीन पाकिटाची फाइल फोटोंसोबत येईल. जुन्या पाकिटाच्या चित्रात हिरव्या चौकटीतला शाकाहारी ठिपका कोपऱ्यात कापला गेला आहे, नव्या चित्रात तो पूर्ण दिसू द्या. या बदलाचं काम सुधारणांच्या फेरीत मोजू नका, वेगळे तास लावा.

सुधारित मसुदे गुरुवारी, 8 ऑक्टोबरला संध्याकाळी 5 पर्यंत हवेत. आधी वर्तमानपत्र, कारण त्याचं मटेरियल बुधवारी, 14 ला जायचं आहे. होर्डिंग दोन दिवस मागे राहिलं तरी चालेल. प्रत्येक जाहिरातीची पीडीएफ आणि मजकूर जिवंत असलेली मूळ फाइल, दोन्ही पाठवा. आउटलाइन केलेल्या फाइलमध्ये ऐनवेळी किंमत बदलता येत नाही.

यातलं काही तांत्रिकदृष्ट्या जमणारं नसेल, विशेषतः 3 मधलं ल-श किंवा 1 मधली शाईची मर्यादा, तर उद्या सकाळी 11 ते 12 मध्ये फोन करा. फाइल उघडून पंधरा मिनिटांत बघून टाकू.

ब्रँड टीम