हळद आणि जास्वंद : घरगुती दर्शकांनी आम्ल व आम्लारी ओळखणे | इयत्ता ८ वी सामान्य विज्ञान, पाठ १२ | महाराष्ट्र राज्य मंडळ

वर्णन

हा प्रयोग बालभारतीच्या इयत्ता ८ वीच्या 'सामान्य विज्ञान' पाठ्यपुस्तकातील 'आम्ल, आम्लारी ओळख' या पाठावर आधारित आहे. मराठी आणि सेमी-इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना तो सारखाच उपयोगी पडेल. इयत्ता ९ वीच्या 'आम्ल, आम्लारी व क्षार' या पाठाची उजळणी करतानाही तो दाखवता येईल.

चित्रीकरण वर्धा जिल्ह्यातील एका गावशाळेच्या वर्गखोलीत केले आहे. तेथे स्वतंत्र प्रयोगशाळा नसल्यामुळे लिटमस कागद, मिथिल ऑरेंज किंवा फिनॉल्फथॅलिन न वापरता हळद आणि लाल जास्वंदीच्या पाकळ्या ही नैसर्गिक दर्शके घेतली आहेत. हळद समुद्रपूर तालुक्यातील वायगावची असून या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मात्र प्रयोगासाठी कोणतीही शुद्ध हळद चालते. तपासलेल्या पदार्थांत लिंबाचा रस, गाळलेला संत्र्याचा रस, ताक, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, पानठेल्यावरच्या चुन्यापासून केलेली निवळी आणि तुलनेसाठी साधे पाणी यांचा समावेश आहे.

हळदीच्या पट्टीवर चुन्याच्या निवळीचा थेंब पडताच त्या जागी लालसर तपकिरी डाग उमटतो आणि त्याची कड पिवळ्या कागदावर हळूहळू पसरत जाते, हे दृश्य जवळून चित्रित केले आहे. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य आम्लारिधर्मी द्रावणात हायड्रोजन आयन गमावते, त्यामुळे त्याचा रंग बदलतो. त्याच डागावर लिंबाचा रस टाकला की उदासिनीकरण होऊन पिवळा रंग परत येतो. खाण्याचा सोडा सौम्य असल्याने त्याचा डाग फिकट दिसतो. डाग गडद झाला नाही म्हणून प्रयोग फसला, असे समजू नये.

या पाठात सर्वाधिक चुका जेथे होतात, तो मुद्दा ध्वनिचित्रफितीत मुद्दाम सावकाश घेतला आहे. हळद लिंबाच्या रसात पिवळी राहते आणि साध्या पाण्यातही पिवळीच राहते. म्हणून 'हळद पिवळी राहिली, अर्थात पदार्थ आम्ल आहे' हे अनुमान चुकीचे ठरते. पट्टी पिवळी राहिल्यास 'पदार्थ आम्लधर्मी किंवा उदासीन असू शकतो' एवढेच निरीक्षणवहीत लिहावे. आम्ल ओळखण्यासाठी जास्वंदीचा अर्क लागतो, कारण तो आम्लात गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवट होतो. दोन दर्शके घेण्याचे कारण हेच असून शिक्षकांनी एकच दर्शक दाखवून तासिका संपवू नये, अशी आग्रहाची विनंती आहे.

बोअरच्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात आणि त्यामुळे जास्वंदीच्या अर्काची छटा किंचित बदलू शकते. सर्व द्रावणांसाठी एकच पाणी वापरावे आणि त्या पाण्याचीही चाचणी आधी करावी.

सुरक्षितता

कळीच्या चुन्यात पाणी घातल्यास पुष्कळ उष्णता बाहेर पडते, म्हणून विद्यार्थ्यांनी तो हाताळू नये. निवळी मोठ्यांच्या देखरेखीखाली करावी, ती डोळ्यांपासून दूर ठेवावी आणि तपासलेला कोणताही पदार्थ चाखू नये.

भाग

00:00 पाठाची ओळख आणि साहित्य
01:10 हळदीच्या पट्ट्या तयार करणे
02:45 जास्वंदीचा अर्क काढणे
04:05 हळदीच्या पट्टीवर सात पदार्थांची चाचणी
06:30 हळद आम्ल का ओळखू शकत नाही?
08:15 जास्वंदीच्या अर्काने फेरतपासणी
10:00 उदासिनीकरण : लाल डाग पुन्हा पिवळा
11:20 निरीक्षण तक्ता आणि सरावाचे प्रश्न

अध्ययन निष्पत्ती

विद्यार्थी नैसर्गिक दर्शकांच्या साहाय्याने पदार्थांचे आम्लधर्मी, आम्लारिधर्मी व उदासीन असे वर्गीकरण करतो आणि आपल्या निष्कर्षाची मर्यादा निरीक्षणाच्या आधारे सांगतो.

शोधशब्द

इयत्ता आठवी विज्ञान, आम्ल आम्लारी ओळख, पाठ १२ प्रयोग, नैसर्गिक दर्शक, हळदीचा प्रयोग, जास्वंद दर्शक, उदासिनीकरण, चुन्याची निवळी, ॲसिड बेस इंडिकेटर मराठी, आठवी सेमी सायन्स, बालभारती सामान्य विज्ञान, नववी आम्ल आम्लारी व क्षार, विज्ञान प्रात्यक्षिक मराठी

लघुचित्राचा मजकूर आणि वर्णन

लघुचित्रावर 'हळद लाल का झाली?' एवढाच प्रश्न आहे. दृष्टिबाधित वापरकर्त्यांसाठीचे वर्णन असे आहे : पांढऱ्या ताटलीत हळदीच्या दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या असून डावी पूर्ण पिवळी आहे आणि उजवीवर लालसर तपकिरी डाग आहे.

इतर नोंदी

भाषा व उपशीर्षके मराठी आहेत. प्रेक्षकवर्ग मुलांसाठी असा निवडला आहे. विद्यार्थ्यांचे चेहरे दाखवलेले नाहीत, केवळ हात दिसतात. नेटवर्क कमी असलेल्या गावांतील शिक्षकांनी 360p प्रत उतरवून घ्यावी. रंगांतील फरक तिच्यातही स्पष्ट दिसतो.