भौतिकशास्त्राच्या उत्तरपत्रिकेच्या पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज

दि. ३ जून

प्रति,
माननीय विभागीय सचिव,
उच्च माध्यमिक परीक्षा मंडळ

अर्जदार : सानिका दिघे, दांडिया बाजार, वडोदरा
बैठक क्रमांक : ०४७२१८, शाखा : विज्ञान

विषय : बारावी भौतिकशास्त्र (लेखी) उत्तरपत्रिकेचे पुनर्मूल्यांकन करून मिळण्याबाबत.

महोदय,

यंदाच्या बारावीच्या परीक्षेत मला भौतिकशास्त्राच्या लेखी पेपरला ७० पैकी ४४ गुण मिळाले. प्रात्यक्षिकात ३० पैकी २९ आहेत. गणितात ९१, रसायनशास्त्रात ८४. निकाल पाहून मी आधी गप्पच बसले. पण उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून ती महाविद्यालयातल्या आमच्या सरांना दाखवली, तेव्हा त्यांनीच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायला सांगितले. शुल्क ऑनलाइन भरले आहे. पावती, छायाप्रत आणि सरांचा सहीशिक्क्याचा अभिप्राय सोबत जोडला आहे.

सर्वांत महत्त्वाची बाब पुरवणीची. प्रश्न २८ चार गुणांचा होता. एलसीआर मंडलाच्या अनुनादाची सिद्धता मी मुख्य उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर लिहिली, खाली ‘पुढे पुरवणीत’ असे लिहिले आणि उदाहरण पुरवणीच्या पहिल्या पानावर सोडवले. L = 0.1 H, C = 10 μF, R = 20 Ω यांवरून अनुनाद वारंवारता सुमारे 159 Hz आणि Q = 5 येतो; दोन्ही उत्तरे तिथे चौकटीत आहेत. सिद्धतेला २ गुण मिळाले. पुरवणीच्या त्या पानावर मात्र लाल शाईचा एक ठिपकाही नाही. बरोबरची खूण नाही, चुकीची नाही, शून्यही नाही. उत्तर चूक ठरवले असते तर तसे काही तरी दिसले असते; म्हणून ते पान तपासायचेच राहून गेले, असे माझे म्हणणे आहे.

दुसरी बाब प्रश्न १८ ची, तीन गुणांची. 400 nm तरंगलांबीचा प्रकाश आणि 2.14 eV कार्यफलन, यांवरून इलेक्ट्रॉनची कमाल गतिज ऊर्जा काढायची होती. फोटॉनची ऊर्जा 3.10 eV, त्यातून 2.14 वजा करून मी 0.96 eV लिहिले. परीक्षकांनी त्यावर काट मारून शेजारी 1.54 × 10⁻¹⁹ J असे लिहिले आहे आणि फक्त सूत्राचा १ गुण दिला आहे. पण 0.96 ला 1.6 × 10⁻¹⁹ ने गुणले की तीच संख्या येते. प्रश्नात उत्तर कोणत्या एककात द्यायचे ते सांगितलेले नव्हते, आणि कार्यफलन तर eV मध्येच दिलेले होते.

प्रश्न ९ मध्ये चकतीच्या कडेवरून जाणाऱ्या, तिच्या प्रतलाला लंब असलेल्या अक्षाभोवतीचे जडत्व आघूर्ण विचारले होते. समांतर अक्ष प्रमेयाने ½MR² + MR² = (3/2)MR². याला शून्य असून बाजूला 5/4 लिहिले आहे. 5/4 हे उत्तर स्पर्शरेषा चकतीच्या प्रतलात असते तेव्हाचे. प्रश्नपत्रिकेत ‘लंब’ हा शब्द स्पष्ट छापलेला आहे. ते पानही जोडले आहे.

शिवाय प्रश्न २४ ला आत २ गुण आहेत, मुखपृष्ठावरच्या तक्त्यात १ चढवला आहे. हे खरे तर गुणपडताळणीचे काम, पण त्याच उत्तरपत्रिकेत असल्याने इथेच नोंदवते.

या चार ठिकाणी मिळून ७ गुणांचा फरक पडतो. बाकी प्रश्नांच्या गुणांबद्दल माझी तक्रार नाही. बाबा म्हणाले होते, अर्जात रडगाणे नको, पान दाखव. म्हणून प्रत्येक ठिकाणी पान क्रमांक टाकून पेन्सिलने खूण केली आहे. एका परीक्षकाकडे किती गठ्ठे येतात याची कल्पना आहे आणि कोणाच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही. उत्तरपत्रिका शक्यतो दुसऱ्या परीक्षकांकडे द्यावी आणि पुरवणीसह तपासली जावी, एवढीच विनंती आहे. पुनर्मूल्यांकनात गुण कमी झाले तरी मला मान्य राहील.

मला इथे वडोदऱ्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठात भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायचे आहे. अकरावी-बारावी मावशीकडे राहून केली, आता घरी परतले आहे. प्रवेश गुणांवर ठरतो, त्यामुळे निर्णय प्रवेशाच्या मुदतीत कळला तर उपकार होतील. मूळ कागद दाखवायचे असतील किंवा समक्ष यायचे असेल, तर मावशीचे यजमान अधिकारपत्र घेऊन कार्यालयात येतील; वडोदऱ्याहून मला पोहोचायला एक दिवस लागतो.

आपली विश्वासू,
सानिका दिघे

सोबत : गुणपत्रिकेची प्रत, उत्तरपत्रिकेची पुरवणीसह छायाप्रत, प्रश्नपत्रिका, विषय शिक्षकांचा अभिप्राय, शुल्काची पावती, अधिकारपत्र