बाबांचा पहिला मेसेज

सकाळी एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये बसलो आणि मोबाईल काढला तर बाबांचा मेसेज, चक्क टाईप केलेला. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, सही करतात, सातबारा वाचतात, पण मोबाईलवर कधी एक अक्षर लिहिलं नाही. शेजारच्या पोट्ट्यानं कीबोर्डवरचा माईक दाखवून दिला असणार. मेसेज असा होता:

"कसा आहेस बाळा लंडन झाले दोन आता तिसऱ्या लंडन ले बाया भेटत नाही मराठी कमरेला लागली पण खालचं पावर चिडलं रोहित लय मातले परवा रात्री दहा बारा रोहित आले तूर खाऊन गेले रोज जाग लिहिले जातो बंगला दुखते बसलं की उठता येत नाही कशाला सांगता त्याला जीव टांगून राहते त्याचा अवो बंद आहे ते डॉक्टर म्हणते पाणी काढा लागते पोळ्यानंतर पाहू चहा घ्या"

ना पूर्णविराम ना स्वल्पविराम. मी स्टुटगार्टमध्ये, लंडन कुठून आलं? रूममेट पुण्याचा आहे, बाजूलाच बसला होता, त्याला दाखवलं तर तो म्हणाला अरे हे बाबांनी नाही पाठवलं, कोणीतरी फोन हॅक केलाय, लिंकबिंक आली तर उघडू नको.

मग मी तेच बारक्या आवाजात वाचायला लागलो, बाबा बोलतात तसं, शेवटचा शब्द ओढून. दुसऱ्यांदा वाचताना लंडनचं निंदन झालं, म्हणजे तण काढणं. दोन निंदनं झाली, तिसऱ्याला बाया मिळत नाहीत, ऑगस्टमध्ये आमच्या दारव्ह्याकडे सगळ्यांचं हेच रडगाणं असतं. मराठी म्हणजे पऱ्हाटी, कमरेला लागली म्हणजे कापूस जोरात आहे. पावर म्हणजे वावर, नाल्याकडचं, ते पाऊस लागून राहिला की चिभडतं, पाणी जिरतच नाही आणि पऱ्हाटी पिवळी पडते. आणि रोहित म्हणजे रोही! नीलगायी हो, कळपानं येतात, एका रात्रीत तुरीचे शेंडे साफ करून जातात, कुंपण घातलं तरी उडी मारून आत. म्हणून बाबा रोज जागलीला जातात, मचाणावर रात्रभर टॉर्च घेऊन.

इथपर्यंत मला हसू येत होतं, मी रूममेटला एकेक शब्द समजावून सांगत होतो आणि तोही हसत होता.

बंगल्यापाशी अडकलो. आमचं कवेलूचं घर, बंगला कुठला, आणि तो दुखेल कसा. पुढचं "बसलं की उठता येत नाही" वाचलं आणि लक्षात आलं, टोंगळा. बाबांचा गुडघा.

त्याच्या पुढचं वाक्य बाबांचं नव्हतंच. "कशाला सांगता त्याला" हे आई बोलतेय. चुलीपाशी बसली असणार, आणि बाबा म्हणतात अवो बंद आहे ते, म्हणजे त्यांना वाटलं माईक बंद झाला. आणि मग दोघं आपसात बोलत राहिले, पाण्याचं, डॉक्टरचं, पोळ्यानंतर पाहू, आणि ते सगळं माझ्याकडे आलं. म्हणजे दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबा बाजेवर पाय लांब करून बसलेले दिसतात ते आरामात बसलेले नसतात.

पुढच्या स्टेशनला उतरलो, प्लॅटफॉर्मवरूनच फोन लावला. आईनं उचलला.

"कसे आहेत बाबा?"

"मस्त हायत, त्यायले काय धाड भरली."

"टोंगळ्यातलं पाणी कधी काढायचं म्हणे डॉक्टर?"

आई गप्प. मग फोन बाजूला धरून, "तुमी सांगतलं काय वो त्याले?"

"म्या कायले सांगू, तूच त बोलत होती!"

मी म्हटलं बाबा, पोळ्यानंतर नाही, याच आठवड्यात जायचं, पैसे आज टाकतो. त्यांचं पैशाचं काही म्हणणंच नव्हतं. "मंग जागलीले कोन जाईन? तूर दोन रातीत खलास करतीन रोही." रोजानं माणूस लावा म्हटलं तर म्हणाले निंदनाले बाया भेटून नाई राह्यल्या, रातचा मानूस कोठून आनू. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, खरंच नव्हतं, इतक्या लांबून काय सांगणार. शेवटी आईनंच तोडगा काढला, धुऱ्याला धुरा असलेले काका तसेही स्वतःच्या वावरात जागतात, दोन्हीकडे टॉर्च मारतील, त्यांच्या डवरणीला आपली बैलजोडी द्यायची. बाबा कुरकुरले पण शुक्रवारचं कबूल केलं.

फोन ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, "पन मी लिवलेलं बराबर होतं ना? समजलं ना तुले?"

"सगळं समजलं बाबा."

"मंग आता रोज धाडतो."

मागून आई, "धाडा, पन मी आता त्या फोनापाशी तोंड नाई उघडत."